उजवीकडून लावलेली पानं

“आधी अर्थाला पाट मांड, बाय, मग चालीला बोलाव. चाल काय, उभ्यानंही जेवते.”

एलोजी हझान जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण मलकाबाय छपाईचा मेणकागद पुढ्यात ओढून लोखंडी लेखणी हातात घेई, तेव्हा वडिलांचा हा आवाज अजून तिच्या उजव्या खांद्यामागून येई. एलोजी गावच्या प्रार्थनालयात चाळीस वर्षं प्रार्थना चालवत आले होते. हझान म्हणजे तेच. रेवदंड्याच्या खाडीअलीकडे नारळ-सुपारीच्या वाड्यांत बेने इस्रायल ज्यूंची तेव्हा सव्वीस घरं होती, आणि गावातले इतर लोक त्या प्रार्थनालयाला इस्रायलांची मशीद म्हणत. एलोजींना मुलगा नव्हता. त्यांनी हिब्रू शिकवलं ते या एकुलत्या मुलीला, ओसरीवर, तांदूळ निवडता निवडता. लोक हसले. ते म्हणाले, हसा.

त्यांनी स्वतः हिब्रूत एक पद रचलं होतं. चार कडवी. पहिल्यात दर्यात सापडलेली नाव, दुसऱ्यात घाण्याचं तेल आणि भाकर, तिसऱ्यात शनिवारच्या शब्बाथचा विसावा, चौथ्यात यरुशलेमची वाट. दर वर्षी ते म्हटलं जाई. पुरुष म्हणत, आणि बायका बाजूच्या पडवीत उभ्या राहून नुसता सूर धरत, कारण या बाप-लेकीखेरीज अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. अर्थ विचारायचा असतो, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

छपन्न साली प्रार्थनालयाचं छप्पर नवं झालं. डिसेंबरातल्या एका रविवारी मुंबईचे चाळीसएक पाहुणे रेवसच्या लाँचनं उतरून येणार होते. जमातीचे मुकादम इसाजी यांनी ठरवलं की या वेळी पदाची चोपडी करायची. ऐकणारे तीन तऱ्हेचे. मुंबईकरांना हिब्रू वाचता येत होतं. गावकऱ्यांना फक्त मराठी. आणि इस्रायलला जायला नावं दिलेली नऊ घरं होती, त्यांना दोन्ही अर्धंअर्धं. म्हणून उजव्या पानावर हिब्रू, त्याच्या प्रत्येक शब्दाखाली त्याच शब्दाचा मराठी अर्थ. आणि समोरच्या डाव्या पानावर त्याच चालीवर गाता येईल असं मराठी पद. पाहुण्यांपुढे, मांडवात, ते पद बायकांनी म्हणायचं. असं या गावात आजवर कधी झालं नव्हतं.

उजव्या पानाचं काम रहामिम मास्तरांकडे गेलं, डाव्याचं मलकाबायकडे.

रहामिम मास्तर मुंबईच्या शाळेत हिब्रू शिकवून निवृत्त होऊन आले होते. विद्वान माणूस, आणि तितकाच तुसडा. तरुणपणी एकदा भर प्रार्थनेत त्यांचा एक उच्चार चुकला, तेव्हा एलोजींनी हात वर करून त्यांना थांबवलं होतं आणि ओळ पुन्हा म्हणायला लावली होती. पस्तीस वर्षं झाली तरी ती ओळ मास्तरांच्या घशात अडकून होती. पण नुसता तोच राग होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. मराठी गाणं गोड लागलं की माणसं मूळ सोडून देतात, असं त्यांना मनापासून वाटे. पहिल्या दिवशी अर्थाचे कागद मलकाबायच्या ओसरीवर ठेवताना त्यांनी चहाही घेतला नाही. म्हणाले, “हे कुंपण आहे. याच्या बाहेर तुमचं गाणं चरायला गेलेलं मला दिसेल.”

मलकाबाय सोमवार-गुरुवार उपास करणारी, सकाळी उठून स्तोत्र म्हटल्याशिवाय चूल न पेटवणारी बाई. तिनं कागद डोळ्यांजवळ नेले.

काम मास्तरांनी चोख केलं होतं, हे तिला मान्य करावं लागलं. पहिल्या कडव्याची शेवटची ओळ होती, अल् तअझोव सफिनाती बयाम. हिब्रू उजवीकडून डावीकडे चालतं, म्हणून त्यांनी अर्थही तसेच, त्या त्या शब्दाच्या बरोबर खाली बसवले होते. सगळ्यात उजवीकडे ‘नको’, मग ‘सोडू’, मग एकाच हिब्रू शब्दाखाली जोडून ‘माझी-नाव’, आणि सगळ्यात डावीकडे ‘समुद्रात’. मलकाबायची नजर मराठीच्या सवयीनं डावीकडून फिरली आणि तिनं वाचलं, समुद्रात माझी नाव सोडू नको. आयतं मराठी. तिला हसू आलं. पुढच्या ओळीत तसं झालं नाही, तिथं डावीकडून वाचताच नुसता गोंधळ, पण तेवढ्या एका ओळीपुरतं तिला वाटलं, दोन माणसं समोरासमोरून चालत येऊन एकमेकांना रामराम करताहेत.

मग तिचं काम सुरू झालं, आणि ते शब्दकोशाचं नव्हतं. चालीत ओळीचा शेवट लांब ओढायचा होता. हिब्रूत तिथं ‘याम’ येतं. आकार ओढून मग ओठ मिटायचे. ‘सोडू नको’वर ओढून पाहिलं तर ‘को’ वर बायकांचा आवाज कोंबडीसारखा चिरकायचा. शेवटी मोकळा आकार हवा. पद सगळं देवालाच उद्देशून होतं, म्हणून तिनं ‘देवा’ घातलं. ‘समुद्रात’चं तिनं ‘दर्यात’ केलं, कारण चालीत तिथं दोनच ठोके होते. दर्यात माझी नाव सोडू नको, देवा. बसलं.

अडलं ते पुढं. ही ओळ चालीत दोनदा येते. एलोजींनी हिब्रूत तीच ओळ पुन्हा ठेवली होती. वाडीत दुपारी तालमीला बायका जमत, तेव्हा पहिल्यांदा ओळ म्हणून झाल्यावर दुसऱ्यांदा त्यांचं लक्ष उडे. कुणी पदर सावरी, कुणी उन्हातले पापड बघायला वळे. दीनामावशी तेवढी समोर बघत उभी असे. तिचा एकुलता मुलगा सहा वर्षांपूर्वी बोटीनं इस्रायलला गेला होता. पहिली दोन वर्षं पत्रं आली. ती आता सत्तरीला टेकली होती आणि एकदा मलकाबायला म्हणाली होती, “नावेतल्याचं गानं झालं. काठावर हाय तिचं कुनी म्हनलं न्हाय.”

मलकाबायनं दुसऱ्या फेरीत लिहिलं, काठावर उभी तिला विसरू नको, देवा.

त्या दिवशी बायकांनी ते कडवं सात वेळा म्हटलं. दीनामावशीनं नुसती खूण केली, पुन्हा.

अलिबागच्या एका शाळेत हरेश्वर नावाचा कारकून चक्रमुद्रणाचं, म्हणजे सायक्लोस्टाईलचं, यंत्र चालवी. दोघांचे मेणकागद त्याच्याकडे गेले. पानं एकाच बाजूनं छापायची, पाठी कोऱ्या, आणि कडेला दोऱ्यानं शिवायची. पुढच्या रविवारी चोपड्या घरोघर गेल्या. मलकाबायनं आपली चोपडी उघडली, डावी पानं तपासली, एक काना कमी होता तो शाईनं दिला, आणि चोपडी स्तोत्राच्या पुस्तकात ठेवून दिली.

मंगळवारी विहिरीवर एका बाईनं तिची घागर बाजूला सरकवली. “विद्वान बाईंना आधी भरू द्या. त्या एलोजींच्या नावावर पानी ओततात.” दुसरी हसली. बुधवारी तालमीला अकरातल्या चार आल्या. त्यांच्याकडून कळलं. चोपडी उघडली की डाव्या पानावर एक आणि उजव्या पानावर भलतंच. गाण्यात नाव, शब्दार्थात यरुशलेम. गाण्यात भाकर, शब्दार्थात शब्बाथ. मलकाबायनं बापाचं पद फेकून दिलं आणि मनचं घातलं, असं गावभर झालं होतं. ज्यांना हिब्रूचं अक्षर येत नव्हतं तेच जास्त ठामपणे सांगत होते, कारण उजव्या पानावरचं मराठी त्यांना वाचता येत होतं.

गुरुवारी दुपारी इसाजींनी प्रार्थनालयाच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. पुरुष चटयांवर, बायका पडवीत. मलकाबायचा उपास होता. ती खांबाला टेकून बसली. हरेश्वरही उरलेल्या चोपड्यांचा गठ्ठा घेऊन आला होता, तो दाराशी उभा.

मास्तरांनी चोपडी उघडली आणि डावं पान गाऊन नव्हे, पाढे म्हणावेत तसं वाचलं. मग उजवं. “इथं नाव आहे, इथं नाव नाही. कुठं गेली? बुडाली.” अंगणात हशा झाला. त्यांनी पान उलटलं. “इथं भाकर. इथं विसावा. बाईंनी भाकर खाऊन झोप काढली असेल.” पुन्हा हशा. कुणीतरी मागून म्हणालं की बायकांच्या हाती पद दिलं की त्याची आमटी होते.

इसाजी हसले नाहीत. त्यांनी मलकाबायला सरळ विचारलं, यावर काय म्हणणं आहे. मास्तरांचं म्हणणं इसाजींनीच पुढं सांगून टाकलं: मराठी पद रद्द करावं, बायकांनी म्हणू नये, आणि पाहुण्यांपुढे फक्त हिब्रू व्हावं.

मलकाबायनं पहिल्यांदाच चोपडी दोन्ही पानांसकट उघडली. इतके दिवस तिनं डावंच पाहिलं होतं, कारण उजवं पान दुसऱ्याचं. डाव्या पानाच्या डोक्यावर तिच्या हातचा मराठी एक होता. समोर, हिब्रूच्या डोक्यावर, दालेथ. हिब्रूत आकडे अक्षरांनीच मांडतात; आलेफ एक, दालेथ चार. तिनं पान उलटलं. दोनासमोर गिमेल. तिनासमोर बेथ. चारासमोर आलेफ.

“मुकादमकाका,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका खाली होता की पुढच्या रांगेला मागं वळून लोकांना गप्प करावं लागलं, “माझं पहिलं कडवं मास्तरांच्या चौथ्यासमोर शिवलंय.”

मास्तर म्हणाले की हिब्रू उजवीकडूनच लागतं. त्यांनी हरेश्वरला तसं बजावलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

हरेश्वर दारातून पुढं झाला. त्याला कसलीच भीती नव्हती, हे गाव त्याचं नव्हतं. “तुमची पुस्तकं पाठीमागनं सुरू होतात, मला म्हाईत हाय. मास्तर बोलले, हिब्रूचं पहिलं पान उजव्या टोकाला. बाई बोलल्या, मराठीचं पहिलं डाव्या टोकाला. मी दोघांचं ऐकलं. दोघांचं ऐकलं की असं होतंय.”

ते खरं होतं. मलकाबायला आपले शब्द आठवले. अलिबागच्या त्या शाळेच्या पायरीवर तिनंच सांगितलं होतं. दोघांनी आपापलं टोक सांभाळलं होतं. उघडल्यावर समोरासमोर काय येईल, हे बोलायला दोघं कधी एका ओसरीवर बसलेच नव्हते.

“ही चूक माझीही आहे,” ती म्हणाली. मास्तरांना तो दालेथ आधीच दिसला नसेल, असं अंगणात कुणालाच वाटलं नाही.

तिनं कात्री मागितली, चोपडीचा दोरा कापला आणि आठ सुटी पानं चटईवर मांडली. आलेफसमोर एक, बेथसमोर दोन. इसाजी वाकले. मग पुरुष वाकले. मास्तर मूळ वाचत, हिब्रू शब्दाखालचा अर्थ बोटानं दाखवत. मलकाबाय आपली ओळ हळू गात असे. मुंबईहून आधीच आलेला एक पाहुणा मान डोलावू लागला. ‘देवा’वर मास्तरांनी बोट टेकलं. तिनं चाल गाऊन दाखवली, आधी ‘याम’वर, मग ‘को’वर, मग ‘देवा’वर, तेव्हा तो पाहुणाच म्हणाला की पद देवालाच म्हटलंय, नाव घेतलं तर काय बिघडलं. मास्तरांनी बोट उचललं.

मग ते पुन्हा खाली टेकलं, आणि या वेळी ते चांगलंच दाबलेलं होतं.

“आणि हिच्याखाली काय आहे? ‘काठावर उभी तिला’. इथं मूळ ओळ पुन्हा तीच आहे. नाव, समुद्र, सोडू नको. काठ कुठं आहे? उभी कुठं आहे? दाखवा, बाई. मी म्हातारा झालो, मला दिसत नसेल.”

पडवीत बायका पुढं सरकल्या.

“नाही,” मलकाबाय म्हणाली. “ती ओळ मुळात नाही. ती मी घातली.”

अंगण एकदम बोलू लागलं. विहिरीवरची बाई खरी ठरली होती, आणि ते तिला पडवीभर ऐकवायचं होतं. इसाजींनी हात वर करून शांत केलं. मलकाबायनं सांगितलं, दुसऱ्या फेरीत तेच शब्द आले की बायकांचं मन उडत होतं, म्हणून. कुणासाठी, ते तिनं सांगितलं नाही. मग ती म्हणाली, ओळ राहू द्या. समोरच्या पानावर तेवढी जागा कोरी सोडू आणि खाली लिहू, ही ओळ मूळ पदात नाही. वाचणाऱ्याला कळेल.

मास्तर प्रथमच तिच्याकडे बघून बोलले. “वाचणाऱ्याला कळेल. ऐकणाऱ्याचं काय? रविवारी मांडवात तुम्ही गाल, तेव्हा कोरं ऐकू येतं का?”

ती सुटी पानं बघत राहिली. माणूस वाईट मनानं बोलत होता, आणि जे बोलत होता ते खरं होतं. चोपडीच्या तोंडावर ‘एलोजी हझान यांचं पद’ असं लिहिलेलं. मांडवात बसलेला, ज्याला हिब्रू येत नाही असा कुणीही, उजव्या पानाच्या भरवशावर डावं पान ऐकणार. आणि एलोजींनी आयुष्यात कधी न म्हटलेलं त्यांच्या नावानं घरी घेऊन जाणार. कोरी जागा शाईत दिसते. सुरात ती नसते.

इसाजी म्हणाले, “बोल बाय. ओळ काढलीस तर बायका गातील. नाही काढलीस तर मास्तर म्हणतात तसं.”

पडवीतून दीनामावशीचा आवाज आला. ती उठली नव्हती.

“ती वळ माजी हाय.”

मलकाबायनं मान वळवली नाही. वळवली असती तर पुढचं बोलता आलं नसतं. “काढते,” ती म्हणाली. “दुसऱ्या फेरीला पहिलीच ओळ पुन्हा म्हणू. बाबांनी ठेवली होती तशी.”

कुणी तिला शाबासकी दिली नाही. मास्तरांनी चष्मा डबीत घातला आणि पाहुण्याला म्हणाले की नव्या चोपडीत शब्दार्थ कुणी केला तेही छापावं, म्हणजे पुढं गोंधळ नको. पुरुष चटया गुंडाळू लागले. पडवीत मात्र वेगळंच पेटलं. ज्या चार बायका शेवटपर्यंत तिच्या बाजूनं होत्या त्याच आता बोलत होत्या. एकजण म्हणाली, “आमच्यासाठी घातलीस, आणि पुरुषांनी डोळे वटारले तशी काढलीस. आम्ही कुणाच्या भरवशावर गळा मोकळा करायचा?” दुसरीनं विचारलं, आता रविवारी गायलं काय आणि न गायलं काय. मलकाबाय म्हणाली, “पद बाबांचं आहे गं.” बायका चपला शोधायला खाली उतरल्या.

दीनामावशी काठी टेकत फाटकापर्यंत पोचली होती. मलकाबायनं तिला गाठलं.

“मावशी, उद्या सकाळी येते तुमच्याकडे. तुमच्या ओट्यावर म्हणते. ओळीसकट.”

“कशाला? बापाच्या पदाला विटाळ व्हईल.”

“ओट्यावर बाबांचं नाव घ्यायचं नाही. तिथं ते तुमचंच.”

“मी दार लावून बसन.”

“बसा. मी बाहेर म्हणेन.”

म्हातारीनं काठीनं वाटेवरची नारळाची झावळी बाजूला केली. “शबाथचं सारवायचं असतं मला शुक्रवारी,” ती म्हणाली आणि निघून गेली. ये म्हणाली नाही, येऊ नकोही म्हणाली नाही.

संध्याकाळी तारे दिसल्यावर मलकाबायनं उपास सोडला. शुक्रवारी पहाटे स्तोत्र झालं, चूल पेटली, आणि उजेड पुरेसा झाला तशी ती नव्या मेणकागदावर बसली. ओळीखाली ओळ. दुसऱ्या फेरीला लेखणी थांबली नाही. दर्यात माझी नाव, तीच अक्षरं, पुन्हा. पानाच्या डोक्यावर तिनं मराठी एकाशेजारी आलेफ काढला, दोनाशेजारी बेथ, असं चारही पानांवर. मास्तरांच्या पानांवर आलेफशेजारी मराठी एक घालावा, असं एका चिठ्ठीत लिहून चिठ्ठी त्यांच्या घरी पाठवली. ती तशीच परत आली, पण मागच्या बाजूला ‘बरं’ एवढं लिहिलेलं होतं. हरेश्वरसाठी तिनं वेगळा कागद केला: एकाचं एकासमोर, दोनाचं दोनासमोर, कुणाचंही टोक बघू नये.

अलिबागची मोटार सकाळी नऊ वाजता फाट्यावरून जाई. तिनं गुंडाळी मोटारीत ओळखीच्या माणसाच्या हाती दिली आणि ती घराकडे वळली नाही.

वाडीमागची वाट समुद्राच्या कडेनं जात होती. ओहोटी लागली होती. पुळणीवर कुणाच्या तरी होड्या कलंडून पडल्या होत्या. विहिरीवरच्या बायकांनी तिला पाहिलं, एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, आणि दोघींनी पाठ फिरवली. मलकाबायनं डोक्यावरचा पदर नीट केला. चालता चालता ती ओठांतल्या ओठांत ती काठावरची ओळ लावून बघत होती, फार उंच नको, सकाळचा घसा अजून नीट उघडलेला नव्हता. दूरवर दीनामावशीच्या ओट्यावर शेणाचं ओलं सारवण चकाकत होतं आणि दार बंद होतं. ती थोडी जलद चालू लागली.